धातूची चेन, निळा शिक्का आणि जाणारा रंग: एका मद्रास ड्रेसचं वय ठरवताना

अमेरिकेत एखाद्या घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं की घरातल्या सगळ्या वस्तूंना किमतीच्या चिठ्ठ्या लावून घरातच विक्री मांडतात. त्याला इस्टेट सेल म्हणतात. न्यू जर्सीत मी जुने कपडे घेते आणि ऑनलाइन विकते, त्यामुळे शनिवारी सकाळी अशा घरांपुढच्या रांगेत माझा नंबर असतोच. अशाच एका घरातल्या कपाटात हा ड्रेस होता. बिनबाह्यांचा, कमरेत घट्ट, खाली चुण्यांचा घेर, पाठीवर गळ्यापासून कमरेच्या खालपर्यंत चेन. कापड चौकड्यांचं: विटकरी, मोहरी पिवळा, बाटलीसारखा हिरवा आणि निळा. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘मद्रास, १९५०चं दशक’. मद्रास हे या कापडाचं नाव. किंमत १८ डॉलर.

‘पन्नासचं दशक’ कुठून आलं असेल ते कळत होतं. घेरदार स्कर्ट आणि धातूची चेन या दोन गोष्टी दिसल्या की विक्रेते डोळे मिटून १९५० लिहितात. घेरदार ड्रेस १९६०नंतरही काही वर्षं दुकानांत होते, आणि धातूची चेन तर साठच्या दशकातही बरीच वर्षं टिकली. तेव्हा चिठ्ठी खरी असू शकत होती आणि खोटीही. हा दहा वर्षांचा फरक ग्राहकाला महत्त्वाचा वाटतो आणि किमतीतही दिसतो, म्हणून ड्रेस घरी आणून टेबलावर उलटा पसरला. जुन्या कपड्याचं वय नेहमी आतल्या बाजूने वाचायचं असतं.

सुरुवात लेबलांपासून. मानेजवळ बनवणाऱ्या कंपनीचं विणलेलं लेबल होतं. नाव मला अजिबात ओळखीचं नव्हतं, आणि साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या गारमेंट भागात अशी शेकडो नावं आली आणि गेली. त्याखाली छोटं छापील लेबल: शंभर टक्के कॉटन, साइज १२, आणि आरएन ही अक्षरं व पुढे पाच आकडी क्रमांक, २२ने सुरू होणारा.

या लहानशा लेबलावरच चिठ्ठी फाटली. आरएन म्हणजे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कपडा बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या कंपनीला दिलेला नोंदणी क्रमांक. लेबलावर कंपनीचं पूर्ण नाव छापण्याऐवजी तो छापता येतो. कापडाच्या धाग्यांची नावं आणि टक्केवारी लेबलावर लिहायची सक्ती करणारा कायदा १९५८ साली झाला आणि ३ मार्च १९६०पासून लागू झाला. त्या कायद्याखालचे आरएन क्रमांक १३६७०पासून पुढे दिले गेले. म्हणजे २२ हजारांतला क्रमांक असलेला कपडा १९५९च्या आधीचा असूच शकत नाही. rn.ftc.gov इथे क्रमांक टाकला की कंपनीची नोंद सापडते. माझ्या क्रमांकामागे एक नाव आणि न्यूयॉर्कचा पत्ता निघाला.

इथे एक सापळा आहे आणि मीही सुरुवातीला त्यात सापडले होते. जुने कपडे विकणाऱ्यांमध्ये एक गणित फिरतं: क्रमांकातून १३६७० वजा करा, उरलेल्याला २६३५ने भागा, आलेला आकडा १९५९मध्ये मिळवा. माझ्या क्रमांकाचं उत्तर १९६२ येतं. गणित सोपं आहे म्हणून लोकांना आवडतं, पण दरवर्षी सारखेच क्रमांक दिले गेले असं ते धरून चालतं. आणि ते अगदी बरोबर निघालं तरी त्यातून कंपनीने क्रमांक घेतल्याचं साल कळतं, ड्रेस शिवल्याचं नाही. १९६२मध्ये क्रमांक घेतलेली कंपनी १९८५मध्येही तोच क्रमांक छापणार. आरएनमधून पक्कं कळतं ते एवढंच की कपडा अमुक सालाच्या आधीचा नाही. पुढच्या बाजूला दार उघडंच राहतं.

दुसरं लेबल कमरेच्या शिवणीत, चेनच्या बाजूला सापडलं. पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईत कातरकाठाचं वर्तुळ, त्यात युनियनचं नाव. इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियन ही बायकांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची संघटना १९०० साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. युनियनच्या कारखान्यात शिवलेल्या कपड्यात ती आपलं लेबल लावायची, आणि या लेबलाचं रूप काळाप्रमाणे बदलत गेलं. अमेरिकन कपड्यांचं वय ठरवताना याच्याइतका भरवशाचा साक्षीदार मला दुसरा भेटलेला नाही, कारण कंपन्या हजारो असल्या तरी लेबल एकाच संघटनेचं.

माझ्या लेबलावर एएफएल आणि सीआयओ ही दोन नावं जोडून होती. हे दोन कामगार महासंघ डिसेंबर १९५५मध्ये एक झाले, म्हणजे जोडनाव असलेलं लेबल त्याआधीचं नाही. पण खरी गोष्ट भिंगाखाली दिसली. वर्तुळाच्या कडेला नोंदणीकृत चिन्हाचं बारीक वर्तुळ होतं, आत इंग्रजी आर. हे चिन्ह १९६३पासूनच्या लेबलांवर येतं. १९७४मध्ये लेबल पुन्हा बदललं आणि त्यात लाल, पांढरा, निळा असे तीन रंग आले. म्हणजे माझं लेबल १९६३ ते १९७४मधलं. ते चिन्ह मोहरीच्या दाण्याएवढंही नसतं आणि धुऊन धुऊन पुसट झालेलं असतं. दहापट भिंग आणि तिरका उजेड नसता तर मीही लेबल १९५५ ते १९६३मधलं धरलं असतं आणि आरएन जमेला धरून ड्रेस १९५९ ते १९६३मध्ये बसवला असता.

तिसरी गोष्ट म्हणजे जे लेबल नव्हतं ते. कपडा कसा धुवायचा हे सांगणारं कायमचं लेबल अमेरिकेत ३ जुलै १९७२पासून सक्तीचं झालं. या ड्रेसमध्ये तसं काही नाही. पण नसण्याचा पुरावा सावधपणे घ्यावा लागतो, कारण टोचणारी लेबलं बायका सर्रास कापून टाकतात. म्हणून मी सगळ्या शिवणी बोटांनी चाचपल्या. कापलेलं लेबल शिवणीत एक-दोन मिलिमीटरचा खुंट सोडतं, उसवलेलं लेबल सुईची रिकामी भोकं. इथे दोन्ही नव्हतं. म्हणजे ड्रेस १९६३ ते १९७२च्या मध्यापर्यंतचा.

नऊ वर्षांचा पट्टा. त्याहून बारीक जायचं तर लेबलं संपतात आणि कापड, चेन, शिवण यांच्याकडे वळावं लागतं. पण त्याआधी एक प्रश्न सोडवणं भाग होतं: ही लेबलं आणि ही चेन मुळात याच ड्रेसची आहेत का? लेबल एका कपड्यातून काढून दुसऱ्यात शिवता येतं. चेन तर बदलतेच. धातूच्या चेनचा एक दात वाकला की शिंप्याकडे जाऊन नवी बसवायची हे घरोघरचं काम. बदललेल्या चेनवरून ड्रेसचं वय काढणं म्हणजे गाडीच्या नव्या टायरवरून गाडीचं मॉडेल ओळखण्यासारखं.

या प्रश्नाचं उत्तर कापडानेच दिलं. ते कसं, हे सांगण्याआधी हे कापड काय आहे ते सांगायला हवं, आणि ते माझ्या आधी सासूबाईंनी ओळखलं.

सासूबाई मूळच्या सोलापूरच्या, त्यांच्या माहेरच्या गल्लीत घरोघर माग होते. त्या दिवशी त्या चहा घेऊन टेबलाशी आल्या, ड्रेसच्या घेराची चुणी दोन बोटांत धरली आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हा मागावरचा आहे. हातमाग.’’

‘‘कशावरून, आई?’’

‘‘हे बघ ना.’’ त्यांनी एक पिवळी पट्टी दाखवली. बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा मध्येच जाड होऊन पुन्हा बारीक झाला होता. ‘‘आणि हा चौकोन मोज, मग तो मोज.’’

मी मोजले. एकाच उभ्या पट्टीतल्या दोन सारख्या चौकड्यांच्या उंचीत जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक होता. हातमागावर बाणा ठोकायचा जोर विणकराच्या हातावर असतो, म्हणून ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, दिशेने चौकडी थोडी ताणते किंवा आखडते. यंत्रमागावर ती शेवटपर्यंत एकसारखी येते. छापील नकलेत तर उलट बाजूच फिकी असते. इथे दोन्ही बाजू सारख्याच गडद होत्या, म्हणजे रंग आधी धाग्याला दिलेला आणि मग विणलेला.

अमेरिकेत ज्याला मद्रास म्हणतात ते हेच. मद्रासच्या आसपासच्या गावांतलं हातमागाचं हलकं सुती चौकडीचं कापड. त्याची खासियत म्हणजे रंग पक्का नसणं. पहिल्या काही धुण्यांत रंग सुटतात, शेजारच्या पट्ट्यांत शिरतात आणि चौकडीच्या कडा मऊ होतात. या दोषाची फॅशन कशी झाली याची एक कहाणी सांगितली जाते. १९५८च्या सुमाराला विल्यम जेकबसन नावाच्या अमेरिकन आयातदाराने भारतातून असं कापड नेलं. विकणारे होते कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर, ज्यांनी पुढे मुंबईत लीला हॉटेल काढलं. कापड थंड पाण्यात जपून धुवायला हवं हे नायर यांनी सांगितलं होतं, पण ती सूचना ब्रूक्स ब्रदर्स या अमेरिकन कपड्यांच्या दुकानाच्या ग्राहकांपर्यंत पोहोचलीच नाही. कपड्यांचे रंग गेले, तक्रारी झाल्या. मग जाहिरातवाल्यांनी त्याच दोषाला गुण ठरवलं आणि ‘रंग जाण्याची हमी’ देऊन कापड विकलं. कहाणीतला प्रत्येक तपशील तसाच घडला असेल असं मी शपथेवर सांगणार नाही, मूळ सांगणाऱ्यांनी ती रंगवली असणारच. पण साठच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात रंग जाणारं मद्रास अमेरिकन कॉलेजच्या मुलामुलींच्या अंगावर सगळीकडे होतं आणि लोक ते मुद्दाम मागून घेत होते, हे मात्र खरं. त्यानंतर पक्क्या रंगाचं आणि इस्त्री न लागणारं कापड बाजारात घुसलं. लीव्हायसची इस्त्री न लागणारी स्टा-प्रेस्ट पँट १९६४ची. जिला इस्त्रीही नको झाली होती, ती बाई वेगळ्या बादलीत धुवायचा ड्रेस किती दिवस घेणार?

रंग खरंच जातो का हे बघायला मी घेराच्या आतल्या शिवणीवर, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पांढरा सुती बोळा अर्धा मिनिट दाबून धरला. बोळ्यावर फिकट विटकरी छटा आली. पिवळा आणि हिरवा अजिबात आले नाहीत. म्हणजे साठ वर्षांनंतरही एक रंग सुटत होता. बाकीचे जेवढे जायचे तेवढे केव्हाच गेले होते.

आता चेनकडे. चेन पितळी दातांची, ती ओढायच्या पकडीवर टॅलन हे नाव. ही पेनसिल्व्हेनियातल्या मेडव्हिलची कंपनी, आणि तेव्हाच्या अमेरिकन ड्रेसमध्ये तिच्या चेन अगदी सर्रास दिसतात. साठच्या दशकात नायलॉनची गुंडाळीची चेन हळूहळू आली आणि दशक संपता संपता ड्रेसमधून धातू जवळजवळ गेला. पण ते हळूहळू झालं. कारखाने जुना साठा संपेपर्यंत वापरत, त्यामुळे धातूची चेन म्हणजे अमुक सालाआधी असं ठाम म्हणता येत नाही. कल कळतो, तारीख कळत नाही.

चेनचे दात कापडी पट्टीवर बसवलेले असतात. इथली पट्टी सुती होती आणि मुळात तिचा रंग बेज असावा. आता तिच्यावर डाग होते, आणि डागांमध्ये क्रम होता. जिथे शेजारी ड्रेसची विटकरी पट्टी येते तिथे पट्टीवर गुलाबीसर छटा. जिथे मोहरीची पट्टी, तिथे पिवळी. ड्रेसच्या चौकड्यांची जणू पुसट सावली चेनच्या पट्टीवर पडली होती. आजच्या बोळ्यावर पिवळा येत नाही, पण चेनच्या पट्टीवर पिवळा आहे. म्हणजे पिवळा सुटत होता तेव्हा, ड्रेसच्या सुरुवातीच्या धुण्यांत, ही चेन तिथे होती. नंतर बसवलेल्या चेनवर फार तर आजच्यासारखी विटकरी छटा आली असती.

तीच पद्धत लेबलांवर लावली. युनियनच्या पांढऱ्या लेबलाच्या कडेवर पिवळट, हिरवट झाक, नेमकी मागच्या पट्ट्यांशी जुळणारी. मानेजवळच्या लेबलाच्या मागच्या बाजूलाही. मुख्य शिवणींचा धागा ओढून बघितला तर तोही डागाळलेला. सगळं एकत्र धुतलेलं, एकत्र म्हातारं झालेलं. पक्क्या रंगाच्या ड्रेसमध्ये हा पुरावा कधीच मिळाला नसता.

पण गळ्याच्या टोकाला चेनच्या वर एक हुक होता. त्याचा धागा कोरा पांढरा. टोक कापून काडीने जाळून पाहिलं तर कागदासारखा वास आला आणि राखाडी राख झाली, म्हणजे सुती. सुती असूनही डाग नाही, याचा अर्थ हुक रंग जायचा थांबल्यावर शिवलेला. काही हरकत नाही, हुक तुटतातच.

घेराच्या खालच्या दुमडीचा धागाही कोरा पांढरा होता. तो जाळला तर वितळून कडक काळा मणी झाला: पॉलिस्टर. इथे मात्र घाई करून चालत नाही. पॉलिस्टरला हे रंग चिकटतच नाहीत, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून तिथे असता तरी पांढराच राहिला असता. कोरा सुती धागा साक्ष देतो, कोरा पॉलिस्टर गप्प बसतो. अतिनील दिव्याचाही लोक फार बाऊ करतात. पॉलिस्टर निळसर चमकतो म्हणतात, पण साबणाच्या पावडरीतली चमक आणणारी रसायनंही तशीच चमकतात आणि धुतलेलं जुनं सुती कापडही उजळून निघतं. या ड्रेसचं अर्धं अस्तर त्या दिव्यात चमकत होतं.

म्हणून दुमड थोडी उघडून आत बघितलं. आत कापडाच्या तीन छटा होत्या. सगळ्यात आतला पट्टा गडद, जवळजवळ नवा. त्याखाली साडेसात सेंटिमीटरचा मध्यम छटेचा पट्टा. मग बाहेरचं, उन्हाने फिकं झालेलं. धुण्यात रंग आतबाहेर सारखाच जातो, पण ऊन फक्त बाहेरच्याला लागतं. मध्यम पट्टा काही काळ बाहेर होता आणि मग दुमडीत गेला. गडद आणि मध्यम पट्ट्यांच्या सीमेवर झिजलेली पांढुरकी रेघ होती, मूळ दुमडीची. म्हणजे ड्रेस मुळात साडेसात सेंटिमीटर लांब होता, गुडघ्याच्या खाली जाणारा, आणि नंतर कुणीतरी तो पॉलिस्टरच्या धाग्याने वर घेतला.

आता सगळे धागे एकत्र आले. १९६६पासून पुढे तरुण बायकांच्या कपड्यांची लांबी भराभर गुडघ्याच्या वर गेली. कारखान्यातून गुडघ्याखाली निघालेला ड्रेस त्याआधीचा असण्याची शक्यता जास्त, आणि तो नंतर आखूड करणं हे त्या काळातल्या हजारो बायकांनी केलेलं काम. लेबल १९६३च्या आधी जाऊ देत नाही. कापडाची लाट १९६६–६७च्या पुढे फार गेली नाही. चेन त्याला साथ देते. मी १९६३ ते १९६६ असं लिहिलं, आणि त्यातलं ‘१९६३’ कागदावर उभं आहे तर ‘१९६६’ अंदाजावर, हेही वर्णनात लिहिलं. शेवटची दोन-तीन वर्षं कुणी वाढवली तर मी भांडणार नाही. १९५० मात्र नाही.

शिवणीने इथे फार मदत केली नाही. कडा तीन धाग्यांच्या ओव्हरलॉकने बांधलेल्या होत्या. ओव्हरलॉक दिसला की कपडा नवा, दातेरी कात्रीने कापलेली कड दिसली की जुना, असं सरसकट म्हटलं जातं. पन्नासच्या दशकातल्या कारखान्यांत दातेरी कड जास्त दिसते हे खरं, पण ओव्हरलॉकचं यंत्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. माझ्यासाठी त्या शिवणीचा उपयोग एवढाच की ड्रेस घरी शिवलेला नाही.

आता किमतीचा प्रश्न. वय कळलं म्हणून कपडा संग्राह्य होत नाही. साठच्या दशकातले लाखो ड्रेस अजून कपाटांत पडून आहेत आणि बहुतेकांना वीस डॉलरही येत नाहीत. या ड्रेसची जमेची बाजू म्हणजे कापड. खरं, रंग जाणारं, हातमागाचं मद्रास आता क्वचितच बनतं. आज मद्रास नावाने मिळतं ते बहुतेक पक्क्या रंगाचं. ठरावीक वर्षांची लाट, ओळखता येणारी खूण, आणि हात लावून पटणारा फरक, हे तिन्ही एकत्र आलं की संग्राहक थांबून बघतात. शिवाय मूळ चेन आणि सगळी लेबलं जागेवर आहेत.

उणी बाजूही तेवढीच भरीव. कंपनी अनोळखी. मद्रास गोळा करणारे बरेचसे लोक पुरुषांचे कोट आणि शर्ट शोधतात, तेही ब्रूक्स ब्रदर्ससारख्या लेबलाचे. बायकांच्या ड्रेसचा बाजार लहान आहे. लांबी कमी केलेली. डाव्या काखेत घामाचं पिवळं वर्तुळ, आणि ते काढायला गेलं तर त्या भागाचा रंग आधी जाणार, म्हणजे तो डाग कायमचा समजायचा. साइजही अडते. लेबलावर १२ असलं तरी तेव्हाचं बारा म्हणजे आजचं चार किंवा सहा, आणि या ड्रेसची कंबर पसरून मोजली तर दुप्पट करून ६६ सेंटिमीटर भरली. घालणारी बाई सापडली नाही तर फक्त मांडून ठेवणारा ग्राहक उरतो. मूळ कागदी टॅग लटकत असता, कधीच न धुतलेला आणि लांबी न बदललेला असता तर माझ्या अंदाजाने दुप्पट किंमत आली असती. न धुतलेलं मद्रास तर वेगळ्याच माणसांना हवं असतं, कारण त्यात रंग अजून आपापल्या जागी असतात.

दुमड सोडून लांबी परत करावी का, हा विचार मी दोन दिवस केला. सोडली असती तर गुडघ्याखालचा ड्रेस मिळाला असता, पण खाली साडेसात सेंटिमीटरचा मध्यम छटेचा पट्टा आणि त्याच्या कडेला झिजलेली रेघ दिसली असती. आणि त्या तीन छटा, ज्यांच्यावर अर्धा निष्कर्ष उभा होता, उजेडात येऊन काही वर्षांत एकसारख्या झाल्या असत्या. उसवलेला भाग मी सुती धाग्याने परत बसवला आणि आतल्या छटांचा फोटो वर्णनात टाकला.

मी ९५ डॉलर लावले. तीन आठवड्यांनी ८०ला गेला, ओहायोतल्या एका मुलीला. ती हातमागावर विणते, आणि तिला ड्रेसपेक्षा आतल्या शिवणींचे फोटो आधी हवे होते. पाठवताना मी सोबत कागद ठेवला: थंड पाणी, चिमूटभर मीठ, एकटा धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. महिन्याभराने तिचा फोटो आला. पांढरी बादली, त्यात पाणी फिकट विटकरी.

सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, ‘‘अजून जातोय की.’’